आखाजीच्या साठ घागरी : एक छोटी कथा आणि तिच्यातला हिशेब तपासून हवा आहे

बोरीकाठ

गावच्या वाचनालयाच्या हस्तलिखितासाठी मी एक लहानशी कथा लिहिली आहे. कथेचा सगळा भार एका हिशेबावर आहे आणि तो चुकला तर कथाच कोसळेल, म्हणून ती येथे देत आहे. भाषेबद्दल नंतर बोलू. आधी आकडे पाहावेत.

*अमळनेर तालुक्यात, बोरीच्या काठी, कुंभारवाड्यातल्या शेवटच्या घरी फाल्गुनात एक व्यापारी आला आणि त्याने पोत्यातून एक घागर काढून ओट्यावर ठेवली. घागर चेंडूसारखी गोल होती. आखाजीला पितरांच्या नावाने घागर भरतात, तेव्हा त्याच्या बांधलेल्या गिऱ्हाइकांना अशाच साठ घागरी हव्या होत्या. एक लहान नाही, एक मोठी नाही, आणि प्रत्येकीत चार लिटर पाणी मावलेच पाहिजे.*

*आबांनी घागर हातात फिरवून पाहिली आणि होकार दिला. अडचण वेगळी होती. हौदात भिजवून, चाळून, राख मिसळून तुडवलेली माती ऐंशी-पंच्याऐंशी किलोच्या घरात होती. नदीकाठचा पोयटा पुन्हा आणायचा तर बैलगाडी मागावी लागणार आणि माती मुरायला आणखी आठ दिवस जाणार. आहे तेवढी पुरेल का, हे आधी कळायला हवे होते.*

*दहावीतल्या नातीने दोरी घेतली. घागरीचा घेर मोजून बाहेरचा व्यास २१ सेंटिमीटर काढला. तोंडातून काटकोनात वाकवलेली तार घालून भिंतीची जाडी पाहिली, ती अर्धा सेंटिमीटर भरली. म्हणजे बाहेरची त्रिज्या साडेदहा, आतली दहा. तिने बाहेरच्या गोलाच्या घनफळातून आतल्या पोकळीचे घनफळ वजा केले. साडेदहाचा घन ११५७.६, दहाचा घन १०००, फरक १५७.६, त्याला चार-तृतीयांश पायने गुणले, तेव्हा एका घागरीची माती ६६० घनसेंटिमीटर आली. तुडवलेली माती तिने लिटरच्या मापात ठासून भरली आणि काट्यावर ठेवली, ती १ किलो ९०० ग्रॅम भरली. म्हणजे एका घागरीला सव्वा किलो आणि साठ घागरींना ७५ किलो. माती पुरत होती.*

*आबांनी सव्वा किलोचा एक गोळा घेतला, २१ सेंटिमीटरचे माप लावून घागर घडवली आणि शेजारच्या आव्यात भाजून आणली. पाणी भरले तर सव्वातीन लिटरलाच घागर काठोकाठ झाली. नात वही उलटसुलट करू लागली. आबा म्हणाले, "हाई माटी वाळनी म्हंजे आंग चोरस, पोरी."*

*मग त्यांनी मातीची एक पट्टी केली, तिच्यावर १० सेंटिमीटरची रेघ ओढली, पट्टी वाळवली आणि भाजली. रेघ ९.२ सेंटिमीटर राहिली. नातीच्या लक्षात आले. आठ टक्के माती आकसते, तर आठ टक्के माती जास्त घ्यायची. सव्वा किलोचे १ किलो ३५५ ग्रॅम झाले, आणि साठ घागरींचे ८१ किलो. हौदात तेवढी होती. आबांनी चाकाला गती दिली.*

कथा येथे संपते. ८१ हा आकडा बरोबर आहे ना?

तापीतीर

बोरीकाठ, मी तीस वर्षे शाळेत गणित शिकवले आहे, म्हणून अधिकाराने सांगतो की पहिली पायरी निर्दोष आहे. मुले बहुधा येथेच घसरतात. बाहेरच्या पृष्ठभागाला जाडीने गुणतात आणि ६९३ आणतात, किंवा आतल्याला गुणून ६२८ आणतात. दोन्हीकडे सुमारे पाच टक्क्यांची चूक होते. वजाबाकी टाळायची असेल तर दोन्ही त्रिज्यांची सरासरी, म्हणजे सव्वादहा घ्यावी आणि तिच्या पृष्ठफळाला जाडीने गुणावे. उत्तर ६६०.१ येते, म्हणजे खऱ्या उत्तराच्या अगदी जवळ.

आठ टक्क्यांची पायरीही मला योग्य वाटते. माझी शंका एवढीच आहे की घागरीला तोंड असते. तेथे माती नसते, मग पूर्ण गोल का धरला? तोंडापुरती माती वजा करायला हवी.

चाकावरची माती

माझे आजोळ चोपड्याकडच्या कुंभारांचे. मी स्वतः आता चाकावर बसत नाही, पण मामांच्या हाताखाली दोन उन्हाळे गोळे मळले आहेत. कथा आवडली, विशेषतः तार वाकवून जाडी पाहणे, कारण भाजलेल्या भांड्यात तसेच करावे लागते. पण ८१ चूक आहे.

रेघ आठ टक्के आकसली, म्हणजे प्रत्येक लांबी आठ टक्के आकसली. घागरीची रुंदी आकसली, उंची आकसली, खोलीही आकसली. तीन बाजूंनी प्रत्येकी ०.९२ उरले, तर घनफळ ०.९२ गुणिले ०.९२ गुणिले ०.९२, म्हणजे सुमारे ०.७८ उरते. ओल्या मातीचे बावीस टक्के घनफळ वाळताना आणि भाजताना जाते. तेव्हा भाजलेल्या ६६० घनसेंटिमीटरसाठी ओली माती ६६० भागिले ०.७७९, म्हणजे ८४८ घनसेंटिमीटर लागते. १.९ ने गुणले की १ किलो ६१० ग्रॅम होतात आणि साठ घागरींचे जवळजवळ ९७ किलो. आबांच्या हौदात तेवढी नाही. गाडी मागवावीच लागेल.

गंमत अशी की ही चूक आधी तुमच्या कथेतच उघडी पडली आहे. पहिली घागर चारऐवजी सव्वातीन लिटरची झाली. आतली त्रिज्या दहाची ९.२ झाली, तेव्हा पाणी ४.१९ लिटरवरून ३.२६ लिटरवर आले. ही घट आठ टक्के आहे का? बावीस आहे. जे पाण्याचे झाले तेच मातीचे होते, हे नातीला त्या घागरीकडे पाहूनच कळायला हवे होते.

तापीतीर

मान्य. टक्केवारी लांबीची आहे की घनफळाची हे मी विचारले नाही, आणि फळ्यावर हेच न विचारल्याबद्दल मी कित्येकांचे गुण कापले आहेत. तोंडाचा प्रश्न मात्र शिल्लक आहे.

जिज्ञासू धुळेकर

मला एक मूलभूत शंका आहे, हसू नये. भिंत आकसते म्हणजे ती पातळ होते. भिंत पातळ झाली की आतली पोकळी मोठी व्हायला हवी ना? मग पाणी कमी कसे मावले? कदाचित व्यापाऱ्याची नमुना घागरच चार लिटरची नसेल.

चाकावरची माती

भाऊ, हसण्यासारखे काही नाही. ही शंका जुनी आहे. बैलगाडीच्या चाकावर लोखंडी धाव कशी चढवतात ते आठवा. धाव तापवतात, तेव्हा तिचे लोखंड फुगते. तुमच्या न्यायाने लोखंड आतल्या बाजूलाही फुगून मधले भोक लहान व्हायला हवे. होते उलटे. भोक मोठे होते, धाव लाकडी चाकावर सरकते आणि गार झाली की आवळून बसते. कडे जसजसे आकसते तसतसे त्याचे भोकही आकसते, कारण भोकाचा घेर त्याच कड्याचा बनलेला असतो. घागरीच्या आतल्या बाजूला तुम्ही ओलेपणी बोटाने एक गोल रेघ ओढली, तर ती रेघही मातीतच आहे आणि तीही आठ टक्के आकसणार. भिंत पातळ होते हे खरे, परंतु ती जागेवर उभी राहून पातळ होत नाही. सगळी घागर मध्याकडे सरकत येते.

आता सरांचे तोंड. २१ सेंटिमीटरच्या घागरीला साधारण नऊ सेंटिमीटरचे तोंड धरले, तर गोलाचा तेवढा तुकडा कापल्याने सुमारे ३३ घनसेंटिमीटर माती वाचते. पण तोंडाला काठ असतो, आणि तो भिंतीपेक्षा जाड करावाच लागतो, नाहीतर घागर उचलताना तेथूनच चीर जाते. दीड सेंटिमीटर उंच आणि आठ मिलिमीटर जाड काठ पूर्ण घेराला धरला, तर त्याला सुमारे ३४ घनसेंटिमीटर माती लागते. वाचलेली माती काठाने खाल्ली. या घागरीपुरता पूर्ण गोल धरणेच बरोबर ठरते. रांजणासारखे रुंद तोंड असेल तर मात्र हा सौदा असा बरोबरीत सुटणार नाही.

सुगरण नंदुरबार

चर्चा छान चालली आहे. आमच्याकडे मागच्या आखाजीला आणलेली घागर पाणी मुळीच गार करत नाही, बाहेरून कोरडीच राहते. यात माती कमी पडली असेल का? किती जाडीची घागर घ्यावी, हे या सूत्रातून काढता येईल का?

चाकावरची माती

ताई, हे सूत्र फक्त माती किती लागते तेवढेच सांगते. पाणी गार होते ते भिंतीतून झिरपून बाहेर सुकल्यामुळे. घागर कोरडी राहत असेल तर तिची छिद्रे बुजली असावीत, कदाचित पाण्यातल्या क्षारांनी, किंवा बाहेरून रंग दिला असेल तर त्यानेही. यासाठी वेगळा धागा काढलात तर बरे होईल.

यावलचा वीटवाला

माझी वीटभट्टी आहे, म्हणून आकसण्याबद्दल लिहितो. आमचा साचा विटेपेक्षा मोठा असतो, हे कारागिराच्या पोरालाही ठाऊक असते. पण आठ टक्के हा आकडा कुठून आणला? माझ्याकडे काळ्या रानाची माती जास्त पडली की विटा भलत्याच आकसतात आणि वाळतानाच तडकतात. मग रेती नाहीतर राख वाढवावी लागते. गाळाच्या मातीला तेवढा त्रास नाही. माझ्या मते कथेत दहा टक्के धरावेत, म्हणजे कोणत्याही मातीला चालेल.

चाकावरची माती

अण्णा, काळ्या मातीबद्दल तुम्ही म्हणता ते खरे आहे. ती पाणी पिऊन फुगते आणि वाळताना तेवढीच आवळते, म्हणूनच कुंभार तिच्याकडे सहसा जात नाही. पण "कोणत्याही मातीला चालेल" असा एक आकडा ठेवता येत नाही. आठच्या जागी नऊ धरले, तर गोळा १ किलो ६१० ऐवजी १ किलो ६६५ ग्रॅमचा होतो आणि साठ घागरींत सव्वातीन किलोंचा फरक पडतो. म्हणून ज्या हौदातली माती चाकावर जाणार, त्याच हौदातून, तेवढीच ओली असताना पट्टी काढावी. हौद बदलला की पट्टी बदलावी. पातळ कालवलेली माती जास्त आकसते, कारण तिच्यातले पाणी जास्त असते. एकच पट्टी न करता तीन कराव्यात हे बरे, कारण सपाट ठेवलेली पट्टी कधीकधी वाकते आणि रेघ खोटी मोजली जाते.

बोरीकाठ

सर्वांचे आभार. मी थोडा खट्टू झालो आहे, कारण माती पुरण्यावरच कथेचा शेवट टेकला होता. एक विचारतो. समजा आबांनी खरोखर १ किलो ३५५ ग्रॅमच्या गोळ्यानेच साठ घागरी केल्या असत्या, तर व्यापाऱ्याला ते कळले असते का?

चाकावरची माती

हा फार चांगला प्रश्न आहे, आणि माझ्या मते तुमची कथा येथेच आहे.

मामा माप दोन ठिकाणी बांधायचे. गोळा तोलून घ्यायचा आणि घागरीचा बाहेरचा घेर काडीच्या मापाने ठरवायचा. या दोन गोष्टी पक्क्या केल्या की भिंतीची सरासरी जाडी आपोआप ठरते. ती वेगळी मोजावी लागत नाही, आणि बंद होत आलेल्या ओल्या घागरीत ती सहज मोजताही येत नाही. चाकावर घागर जाड बुडाची आणि लहान उतरते. मग ती थोडी सुकली की आतून दगडी गोळा धरून बाहेरून लाकडी थापीने ठोकत ठोकत तिला फुगवतात. ठोकण्याने माती वाढत नाही आणि कमीही होत नाही, फक्त बुडाची माती पसरून अंगावर येते. म्हणून गोळ्याचे वजन शेवटपर्यंत साक्ष देते.

आता तुमचा गोळा घ्या. आबांना पहिल्या घागरीने शिकवले आहे, तेव्हा ते या वेळी ओल्या घागरीचे माप २१ ऐवजी २१ भागिले ०.९२, म्हणजे २२.८ सेंटिमीटर लावतील. घेर बरोबर झाला आणि माती मात्र कमी. भाजून आलेली घागर बाहेरून २१ची असेल, पाणी चार लिटरच्या वर मावेल, व्यापारी माप घालून पाहील आणि खूश होईल. कमी पडलेली सगळी माती भिंतीतून गेलेली असेल. पाच मिलिमीटरच्या जागी चारपेक्षा किंचित जास्त उरेल. येथे एक मिलिमीटर म्हणजे वीस टक्के माती आहे, तर व्यासात एक मिलिमीटर चुकला तर एक टक्काच. चूक नेहमी जाडीत लपते. ती उचलताना हाताला हलकी लागते, पण नमुना शेजारी ठेवून दोन्ही उचलल्याशिवाय लक्षात येत नाही. पुढे घागर भरून उचलली की काठाखाली चीर जाते.

तापीतीर

हे पटले. मग एक सुचवतो. नमुना घागर हातात होतीच, तर तिची त्रिज्या, जाडी, पाय यांच्या मागे न लागता ती सरळ काट्यावरच का ठेवली नाही? पट्टीचे वजन ओली असताना आणि भाजल्यावर घ्यावे. २०० ग्रॅमची पट्टी भाजून १४६ ग्रॅम राहिली, तर ०.७३ हे प्रमाण मिळाले. नमुना १ किलो १७५ ग्रॅमचा असेल, तर त्याला ०.७३ ने भागले की १ किलो ६१० ग्रॅम. तोंड, काठ, बुडाची जाडी, सगळे त्यात आपोआप आले आणि घागर पूर्ण गोल असण्याचीही गरज उरली नाही. गणिताचा शिक्षक असून सूत्र टाळायला सांगतो आहे, पण उपाय चांगला आहे.

चाकावरची माती

सर, उपाय खरोखर चांगला आहे, आणि मामा जवळजवळ हेच करायचे. फक्त नमुना त्याच मातीचा आणि तसाच भाजलेला हवा. व्यापाऱ्याने तो दुसऱ्या गावाहून आणला असेल, त्यात राख किंवा भुसा जास्त असेल, तर तो भुसा आव्यात जळून जातो, भिंत सच्छिद्र राहते आणि तीच जाडी हलकी भरते. मग तुमच्या भागाकारातून कमी वजनाचा गोळा येईल. अशा वेळी नातीची दोरी आणि तारच खरी ठरते. मी दोन्ही रीतींनी काढेन, आणि दोन्हींत पन्नास-साठ ग्रॅमपेक्षा जास्त फरक आला तर नमुना आपल्या मातीचा नाही असे समजेन.

आणखी दोन गोष्टी कथेत आल्या तर बरे. चाकावर पाण्याच्या हाताने गोळा फिरवताना थोडी माती चिखल होऊन हाताला आणि चाकाला लागते. आमच्याकडे या आकाराच्या घागरीमागे ती शंभर ग्रॅमच्या आसपास जायची. तो चिखल हौदात परत जातो, पण गोळा तेवढा मोठा घ्यावा लागतो, म्हणून १ किलो ७१० ग्रॅम. दुसरे, साठ घागरी हव्या असतील तर साठच घडवून चालत नाही. मामा दहाला एक जास्त धरायचे. ६६ गोळे म्हणजे ११३ किलो. वाळताना तडकलेली घागर पुन्हा भिजवता येते, आव्यात तडकलेली खापर होते.

यावलचा वीटवाला

दहाला एक हे प्रमाण मला कमी वाटते. आमच्या भट्टीत वरच्या थराच्या विटा कच्च्या राहतात आणि मधल्या वितळून चिकटतात.

चाकावरची माती

अण्णा, आव्याची रचना आणि भट्टीची रचना वेगळी असते, पण आबांचा आवा कसा आहे हे मला कुठे ठाऊक आहे? तो आकडा बोरीकाठ यांनीच ठरवावा.

बोरीकाठ

कथा बदलतो आहे. नात ८१ काढते, आबा काही बोलत नाहीत, १ किलो ३५५ ग्रॅमची एकच घागर घडवतात आणि भाजून आणतात. पाणी चार लिटरच्या वर मावते, नात टाळ्या वाजवते. मग आबा एका हातात व्यापाऱ्याचा नमुना आणि दुसऱ्या हातात नवी घागर तिच्याकडे देतात. पुढच्या दृश्यात बैलगाडी नदीकडे निघालेली आहे. घनाची गोष्ट नातीच्या तोंडी घालावी की सव्वातीन लिटरच्या त्या पहिल्या घागरीवरून तिला उमगावी, हे अजून ठरत नाही.

जिज्ञासू धुळेकर

धाव आणि भोकाचे आता पटले. काल चुलत्यांना विचारले, त्यांनी लहानपणी धाव चढवताना पाहिली आहे. पण एक सांगतो. आमच्या गावच्या कुंभारीण आजी काटा वापरतच नाहीत. दोन्ही ओंजळींत माती घेतात आणि गोळा करतात, तरी त्यांच्या घागरी सारख्याच दिसतात. मग हा एवढा हिशेब त्यांच्या हातात कुठून येतो?

चाकावरची माती

आजींचे पाच गोळे त्यांना न सांगता काट्यावर ठेवून पाहा आणि येथे लिहा. मामांचे मी एकदा ठेवले होते. सर्वांत जड आणि सर्वांत हलका यांत चाळीस ग्रॅमचे अंतर निघाले, आणि नंतर आठवडाभर ते माझ्याशी बोलले नाहीत.